शाळेची सर्वांत जवळची वाट आणि आवक-जावक

बारावीच्या गणितात लिनियर प्रोग्रॅमिंग शिकवताना आपण नेहमी दोनच चलं घेतो. आलेख काढायचा, रेघोट्या ओढायच्या, कोपऱ्यातले बिंदू तपासायचे, झालं. टेबल-खुर्च्यांचा नफा काढून काढून मुलं कंटाळतात. पण याच पद्धतीत एक असं उदाहरण बसतं, की जे मुलं रोज पायांनी सोडवतात. घरून शाळेत यायची सर्वांत जवळची वाट. त्यात चलं सात येतात, आलेख काढता येत नाही, म्हणून पुस्तक तिकडे वळत नाही. समीकरणं मात्र आठवीतलं मूलही वाचू शकेल इतकी साधी आहेत.

माझ्या वर्गातली काही मुलं एका वाडीवरून चालत येतात. त्यांनीच फळ्यावर काढून दिलेला हा नकाशा. पाच ठिकाणं: वाडी (१), चावडी (२), ओढा (३), देऊळ (४) आणि शाळा (५). वाडीहून चावडीला थेट गेलं तर १२ मिनिटं, ओढ्यापर्यंत ६. ओढ्यावरून चावडीला चढायला ३. चावडी ते देऊळ १५, ओढ्याच्या काठाकाठाने देवळापर्यंत २४, ओढ्यावरून शेताच्या बांधाने थेट शाळेत यायचं तर ३६. आणि देवळापासून शाळा ९ मिनिटं.

आता प्रत्येक रस्त्यासाठी एक चल घ्या. x12 म्हणजे वाडी-चावडी रस्ता वापरला का? वापरला तर १, नाही तर ०. एकूण वेळ कमीत कमी हवा, म्हणून:

```
min 12x12 + 6x13 + 3x32 + 15x24 + 24x34 + 36x35 + 9x45
```

इथपर्यंत कोणीही येतं. खरी गंमत पुढे आहे, कारण इथेच थांबलात तर उत्तर शून्य येतं. कोणताच रस्ता वापरू नका, वेळ शून्य! गणिताच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. आपण मुलीला घरातून निघायला सांगितलंच नाही.

वर्गात मुलांनी लगेच दोन अटी सुचवल्या. वाडीहून कोणीतरी एक निघालं पाहिजे, म्हणजे x12 + x13 = 1. आणि शाळेत एक जण पोचलं पाहिजे, म्हणजे x35 + x45 = 1. ऐकायला पूर्ण वाटतं ना? सोडवून बघा. वाडीहून निघणारा स्वस्त रस्ता ओढ्याचा, ६ मिनिटं. शाळेत पोचणारा स्वस्त रस्ता देवळाचा, ९ मिनिटं. उत्तर १५ मिनिटं! मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ती ओढ्यात उतरली आणि एकदम देवळापाशी उगवली." मला वाटतं, या विषयातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. दोन्ही टोकं पक्की केली म्हणून मधली वाट आपोआप जोडली जात नाही. 'वाट सलग असावी' हे आपल्याला दिसतं. समीकरणाला ते सांगावं लागतं.

ते कसं सांगायचं? आपल्या शाळेच्या ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असतं. प्रत्येक ठिकाणी तसं एकेक रजिस्टर ठेवा. चावडीवर कोणी राहायला जात नाही, आणि तिथे कोणी नव्याने उगवतही नाही. म्हणजे जेवढी आवक तेवढीच जावक. जावक वजा आवक शून्य. वाडीवर मात्र एक जण सुरुवात करते, तिथे फरक +१. शाळेत एक जण येऊन थांबते, तिथे −१. पाच ठिकाणांच्या पाच ओळी अशा होतात:

```
वाडी:   x12 + x13 = 1
चावडी:  x24 - x12 - x32 = 0
ओढा:    x32 + x34 + x35 - x13 = 0
देऊळ:   x45 - x24 - x34 = 0
शाळा:   -x35 - x45 = -1
सगळी x >= 0
```

आता मघाचं उड्या मारणारं उत्तर तपासा. x13 = 1 आणि x45 = 1, बाकी शून्य. ओढ्याची ओळ म्हणते 0 - 1 = 0, म्हणजे चूक. देवळाची ओळ म्हणते 1 - 0 = 0, तीही चूक. वाट नेमकी कुठे तुटली हे रजिस्टरच सांगतं. उत्तर तपासायची ही सोपी रीत मुलांच्या हाती द्या. ज्या ठिकाणी हिशोब बसत नाही, तिथेच वाट तुटलेली असते.

सर्व ओळी पाळल्या की उत्तर येतं वाडी, ओढा, चावडी, देऊळ, शाळा. ६ + ३ + १५ + ९, म्हणजे ३३ मिनिटं. थेट चावडीला जाणारी वाट ३६ मिनिटांची आहे, म्हणजे ओढ्याचा वळसाच जवळचा. वाडीवरच्या मुलांना हे आधीपासून ठाऊक होतं, हे वेगळं सांगायला नको.

आता या पाच ओळींची बेरीज करून बघा. प्रत्येक चल बरोबर दोन ठिकाणी आहे. जिथून रस्ता निघतो तिथे अधिक, जिथे पोचतो तिथे वजा. बेरजेत डावीकडे सगळं कटतं आणि शून्य उरतं. म्हणून उजवीकडची बेरीजही शून्यच यायला हवी, आणि ती येतेही. एखाद्या मुलाने शाळेसमोर −१ ऐवजी +१ लिहिलं, तर कितीही डोकं खाजवलं तरी उत्तर सापडणार नाही. सोडवायला बसण्याआधी उजवी बाजू बेरजेने तपासणं हे दहा सेकंदांचं काम आहे. यावरून हेही कळतं की पाचांपैकी एक ओळ जादा आहे. चार ठिकाणचा हिशोब जुळला की पाचवीकडचा आपोआप जुळतो.

चौकस मुलं इथे एक शंका काढतात. चावडीवरून ओढ्याला उतरताही येतं की! मग x23 हे आणखी एक चल घ्या. जाता-येताचा रस्ता म्हणजे दोन वेगळी चलं. पण मग ओढा-चावडी-ओढा अशी कोणी नुसती फेरी मारत बसली तर? दोन्ही रजिस्टरं जुळतात, कारण एक आली आणि एक गेली. म्हणजे आवक-जावकीची अट फेऱ्या अडवत नाहीच. फेरी अडवतं ते मिनिटांचं ओझं. प्रत्येक फेरीला वेळ लागतो, म्हणून कमीत कमी वेळाच्या उत्तरात ती टिकत नाही. पण सावलीचा रस्ता छान म्हणून कोणी त्याला उणे मिनिटं बहाल केली आणि त्यामुळे एखाद्या फेरीची बेरीजच उणे झाली, तर उत्तराला तळच उरत नाही. फेऱ्या मारत जा, वेळ घटतच जातो. सोडवणारा प्रोग्रॅम 'unbounded' असं म्हणाला, तर आधी अशी उणे फेरी शोधायची.

आता ज्या गोष्टीवर पालकांनीही विचार करावा असं मला वाटतं, ती. आपण फक्त x >= 0 एवढंच लिहिलं. ० किंवा १ च हवं असं कुठेच म्हटलं नाही. मग x13 = 0.5 का येत नाही? अर्धी मुलगी ओढ्याने आणि अर्धी चावडीने?

एका मुलीऐवजी शंभर मुली वाडीहून निघाल्या असं समजा. x13 = 0.5 म्हणजे त्यातल्या पन्नास ओढ्याने गेल्या. या शंभर जणी वेगवेगळ्या वाटांनी गेल्या तरी एकूण वेळ म्हणजे त्यांच्या वेळांची सरासरी. आणि सरासरी कधीही सर्वांत लवकर पोचणाऱ्या मुलीच्या वेळेपेक्षा कमी नसते. मग सगळ्यांना तिच्याच वाटेने पाठवलं तर नुकसान काहीच नाही. म्हणून पूर्ण संख्यांचं एक उत्तर नेहमीच असतं, ते मुद्दाम मागावं लागत नाही. दोन वाटा अगदी बरोबरीच्या असतील (समजा वाडी-चावडी १२ ऐवजी ९ मिनिटं असती), तर मात्र काही पद्धती अर्धं-अर्धं उत्तर देऊ शकतात. वेळ तेव्हाही बरोबरच असतो. अर्धे आकडे पाहून घाबरायचं नाही.

पण ही सवलत फक्त आवक-जावकीच्या ओळी असेपर्यंतच. आमच्या वाडीवरच्या एका मुलीला उन्हाचा त्रास आहे. एकूण ९ मिनिटांहून जास्त ऊन नको, असं डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलंय. रस्त्यांवरची उन्हाची मिनिटं मुलांनी मोजून आणली. वाडी-चावडी ३, वाडी-ओढा ६, ओढा-चावडी ३, चावडी-देऊळ शून्य (सगळी झाडी), देऊळ-शाळा ३, आणि ओढ्यापुढचे दोन्ही रस्ते पूर्ण उन्हाचे. एक नवीन ओळ वाढली:

```
3x12 + 6x13 + 3x32 + 24x34 + 36x35 + 3x45 <= 9
```

आपली ३३ मिनिटांची वाट आता १२ मिनिटं उन्हाची ठरते. चावडीवरून जाणारी ३६ मिनिटांची वाट ६ मिनिटं उन्हाची. लिनियर प्रोग्रॅमिंगचं उत्तर काय? x12 आणि x13 दोन्ही 0.5, वेळ ३४.५ मिनिटं, ऊन बरोबर ९. कागदावर सगळ्या अटी पाळल्या.

"म्हणजे एक दिवसाआड ओढ्याने यायचं का?" एकाने विचारलं. सरासरी ९ येईल खरी. पण ज्या दिवशी ती ओढ्याने येईल, त्या दिवशी तिच्या डोक्यावर १२ मिनिटं ऊन असेल. डॉक्टरांनी सरासरी सांगितली नव्हती. पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या दोन रस्त्यांत वाटायच्या असत्या, तर हेच अर्धं उत्तर कामाचं होतं. मुलीला ते चालणार नाही. शंभर मुलींचा युक्तिवाद इथे का कोसळतो, हेही मुलांनी शोधलं. सर्वांना लवकरच्या वाटेवर पाठवलं की उन्हाची मर्यादा मोडते.

मग पूर्ण संख्येची अट वेगळी घालावी लागते, आणि उत्तर फांद्या पाडून शोधावं लागतं. x13 = 1 धरा: ओढ्याने निघाल्यावर कमीत कमी १२ मिनिटं ऊन लागतंच, म्हणजे ही फांदी संपली. x13 = 0 धरा: चावडी, देऊळ, शाळा एवढी एकच वाट उरते. ३६ मिनिटं, ६ मिनिटं ऊन. डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली छापलेली जवळच्या वाटेची रीत आपल्या पहिल्या नकाशावर या समीकरणांपेक्षा लवकर उत्तर देते, आणि नुसती वाटच हवी असेल तर तीच वापरावी. पण तिच्यात ही उन्हाची ओळ सरळ लिहिता येत नाही. समीकरणांत ती एका ओळीत बसते, फक्त पुढचं काम वाढतं.

ती मुलगी सध्या चावडीवरून येते. तीन मिनिटं आधी निघते.