प्रस्तावनेतला प्रश्न

कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सल्लेखनेवर, म्हणजेच संथाऱ्यावर, निबंध लिहिला. सुरुवात अशी होती: ‘जैन धर्म प्राचीन आहे. त्यात अहिंसेला अनन्यसाधारण महत्त्व आहे. सल्लेखना हा वादग्रस्त विषय असून त्याला अनेक पैलू आहेत.’ यातले एकही वाक्य खोटे नाही. परंतु नेमक्या विरुद्ध मताच्या निबंधालाही ही वाक्ये चालली असती. कच्च्या प्रस्तावनेची ओळख हीच.

शिक्षकांनी तिला शेवटचा परिच्छेद आधी वाचायला सांगितले. नवख्या लेखकाचे मत बहुधा तिथेच दडलेले असते. तत्त्वार्थसूत्रात मरणाची इच्छा हा सल्लेखनेचा अतिचार मानला आहे, हे तिने तिथे लिहिले होते. तो मुद्दा वर आला आणि प्रस्तावना अशी झाली:

‘१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा आत्महत्येसमान ठरवला, ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. सल्लेखना ही आत्महत्या आहे का? माझ्या मते नाही. कारण आत्महत्येच्या मुळाशी मरणाची इच्छा असते आणि सल्लेखनेत ती इच्छाच दोष ठरते. प्रथम हा अतिचार, नंतर उच्च न्यायालयाचा युक्तिवाद आणि अखेरीस व्रत दबावाखाली घेतले जाण्याचा आक्षेप तपासला आहे.’

या शेवटच्या वाक्याने एक उणीव उघडी पाडली. दबावाच्या आक्षेपावर, जो विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा, निबंधात दोनच ओळी होत्या. तो भाग तिला नव्याने लिहावा लागला.