आपाच्या पायवरचा घाम

गेल्या ऑगस्टमध्ये आपाला एका वलिम्याची ऑर्डर मिळाली होती. चार लेमन पाय. खाली बिस्किटासारखी खुसखुशीत वाटी, तिच्यात लिंबाचं आंबटगोड सारण, आणि वर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा शुभ्र थर, म्हणजे मेरँग. सकाळी अकराला पाय ओव्हनमधून निघाले तेव्हा बघत राहावं असे होते. दुपारी तीनला हॉलमध्ये डबे उघडले, तर वरच्या थरावर घामासारखे पिवळसर थेंब आणि ताटलीत चमचाभर पाणी. यजमानांनी पाय ठेवून घेतले, पण पैसे निम्मेच दिले.

दूल्हाभाई गेल्यापासून आपाचं घर या ओव्हनवर चालतं. निम्मे पैसे म्हणजे अंडी, लोणी आणि गॅस यांचाही खर्च निघाला नव्हता. संध्याकाळी मी गेलो तेव्हा ती ओट्याशी उभी होती. म्हणाली, "भाई, कुणाची तरी नजर लागली बघ. नाहीतर माझ्या हातातली बरकतच गेली असेल."

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. नजरेबद्दल मी काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "आपा, एक पाय उरलाय का? मला ते पाणी चाखायचंय."

घरी ठेवलेला पाचवा पाय तिने पुढे केला. मी आधी वरचा थेंब बोटावर घेतला. तो मधासारखा चिकट आणि गोड होता. मग पाय तिरका करून खालचं पाणी चमच्यात घेतलं. ते पातळ होतं, नावापुरतं गोड. आम्ही दोन्हीला "पाय रडतो" असं एकच नाव दिलं होतं, पण ती दोन वेगवेगळी पाणी होती, आणि त्यांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट निघाली.

अंड्याच्या पांढऱ्यात शंभर भागांत सुमारे ८८ भाग पाणी असतं. उरलेलं बहुतेक प्रथिन. आपण फेटतो तेव्हा प्रथिनाच्या गुंडाळ्या उलगडतात, एकमेकांना धरतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं विणतात. पाणी या जाळ्यात अडकून राहतं. ओव्हनची उष्णता लागली की जाळं घट्ट होतं. पुरेशी उष्णता मिळाली नाही तर ते कच्चं राहतं आणि त्यातलं पाणी हळूहळू खाली ओघळतं. उष्णता जास्त झाली तर ते इतकं आवळतं की, ओलं फडकं पिळावं तसं, साखरेचं पाणी बाहेर फेकलं जातं. म्हणजे खालचं पाणी कच्चेपणाचं आणि वरचे थेंब जास्त भाजल्याचे. एकाच पायमध्ये दोन्ही कसे?

मी आपाला म्हटलं, काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग. तिने सांगितलं. काम हलकं व्हावं म्हणून सारण आदल्या रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. सकाळी त्या गार सारणावर मेरँग पसरला आणि पाय ओव्हनमध्ये घातला. दहा मिनिटांनी सुरी घालून पाहिलं तर आत ओलं लागलं, म्हणून आच वाढवून आणखी दहा मिनिटं ठेवला. इथंच उत्तर होतं. खालून गारवा, म्हणून बूड शिजलं नाही. बूड शिजवायला आच वाढवली, म्हणून माथा करपायला आला.

पण थेंब इतके चिकट आणि इतके जास्त का? मी मेरँगचा तुकडा जिभेवर ठेवला आणि दाताखाली कचकच लागली. साखर विरघळलीच नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही वजनकाटा घेऊन बसलो. आपाच्या जुन्या वहीत चार अंड्यांच्या पांढऱ्याला एक कप साखर लिहिली होती, म्हणजे २०० ग्रॅम. साखर वाढवली की मेरँग ताठ उभा राहतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तिने ती दीड कप केली होती, ३०० ग्रॅम. चार अंड्यांचा पांढरा भरला १३० ग्रॅम. त्यात पाणी साधारण ११४ ग्रॅम. घरातल्या तापमानाला एक ग्रॅम पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे ११४ ग्रॅम पाण्यात फार तर २३० ग्रॅम. उरलेली ७० ग्रॅम साखर दिवसभर फेटली असती तरी दाणा होऊनच राहिली असती. साखरेने मेरँग ताठ होतो हे खरं, पण विरघळलेल्या साखरेने. ती पाण्याला दाट करते, मग बुडबुड्यांमधून पाणी सहज निथळत नाही. न विरघळलेला दाणा याच्या उलट वागतो. तो आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो, त्याचा पाक होतो, आणि तोच थेंब होऊन वर येतो.

२०० ग्रॅमवर परत आलो तरी काम संपत नव्हतं. हे प्रमाणसुद्धा मर्यादेच्या जवळच आहे, त्यामुळे साखर विरघळते पण सावकाश. त्यात आपली दुकानातली साखर जाड दाण्याची. फेस एकदा घट्ट झाला की पाणी बुडबुड्यांमधल्या पातळ पडद्यांत वाटलं जातं आणि दाणा जिथल्या तिथे रुतून बसतो. म्हणून आम्ही दोन वाडग्यांत दोन-दोन अंड्यांचा पांढरा घेतला आणि दोन्हीत १०० ग्रॅम साखर घातली, फक्त पद्धत बदलली.

पहिल्या वाडग्यात आपाची नेहमीची रीत. पांढरा पूर्ण ताठ फेटून घेतला आणि जाड साखर एकदम ओतली. पाच मिनिटं बीटर फिरवला. फेस बसला, चिमटीत रेती लागत होती ती लागतच राहिली.

दुसऱ्यासाठी साखर मिक्सरला दोन-तीनदा फिरवून बारीक रव्यासारखी केली आणि चाळून घेतली. अगदी पीठ केलं नाही, कारण पिठीसाखरेच्या गुठळ्या होतात. पांढऱ्यात लिंबाच्या रसाचे थोडे थेंब टाकले. बीटर उचलल्यावर फेसाचं टोक उभं राहून वाकतं, त्या टप्प्याला पहिला चमचा साखर घातली. पंधरा-वीस सेकंद फेटायचं, मग पुढचा चमचा. साखर संपल्यावरही फेटत राहिलो आणि मधेमधे चिमूटभर फेस अंगठा आणि बोटात चोळून पाहिला. एकूण दहाएक मिनिटांनी बोटांना काहीच लागेना. फेस साटीनसारखा चमकत होता.

लिंबाच्या रसाबद्दल एक सांगतो, कारण हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. पुस्तकांत या जागी क्रीम ऑफ टार्टर लिहिलेलं असतं. द्राक्षाची वाइन तयार होताना पिंपात जो क्षार साचतो, तो शुद्ध करून ही पूड बनते. ती चालते की नाही यावर वाद घालणारे घालोत. इथे काम फक्त आंबटपणाचं आहे. त्याने प्रथिनाचं जाळं फार लवकर आवळत नाही. चार अंड्यांना अर्धा चमचा लिंबाचा रस तेच काम करतो, आणि लेमन पाय करताना लिंबू हाताशी असतंच.

दोन्ही वाडग्यांतले ढीग एकाच ट्रेवर शेजारी ठेवून सारखाच वेळ भाजले. तासाभरात पहिल्या ढिगावर थेंब उमटले. दुसरा कोरडा राहिला. आपा कितीतरी वेळ दोन्ही ढिगांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडे हात माझाच, आणि साखरही तीच."

ऑर्डरच्या दिवशी मात्र आता ती तिसरी रीत वापरते, कारण तिच्यात अंदाजावर काही राहत नाही. कच्चा पांढरा, साखर आणि लिंबाचा रस स्टीलच्या वाडग्यात एकत्र करते. वाडगा उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवते, पण त्याचं बूड पाण्याला टेकू देत नाही. सतत ढवळते, नाहीतर कडेला अंडं शिजून त्याचे तुकडे होतात. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते. ७० अंशांच्या आसपास एका ग्रॅमला तीन ग्रॅमहून अधिक. चार-पाच मिनिटांत मिश्रण हाताला चांगलं गरम लागतं, चिमटीत दाणा लागत नाही. मग वाडगा खाली उतरवून भांडं गार होईपर्यंत फेटायचं. इथे फेस होण्याआधीच साखर संपलेली असते, त्यामुळे नंतर दाण्याच्या मागे लागून जास्त फेटण्याची वेळ येत नाही. जास्त फेटलं तरी जाळं तुटतं आणि पाणी सुटतंच.

सारण ती आता रात्री करत नाही. मेरँग फेटला जात असतानाच शेजारच्या शेगडीवर ते उकळत असतं. वाफाळतं सारण वाटीत ओतायचं आणि लगेच वर मेरँग पसरायचा, आधी कडेला, वाटीच्या काठाला चिकटवून, मग मधे. सारणाच्या उष्णतेने बूड खालून शिजतं. मग १७५ अंशांवर साधारण पंधरा मिनिटं, टोकं बदामी होईपर्यंत. बाहेर काढल्यावर ओट्यावरच गार होऊ द्यायचा, गरम असताना डब्यात बंद करायचा नाही. वलिम्याच्या दिवशी तिने तेही केलं होतं. डब्यात कोंडलेली वाफ पायवरच उतरली असणार.

इतकं करूनही कोकणातल्या ऑगस्टपुढे कुणाचं चालत नाही. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखरेचा कोरडा दाणासुद्धा बाष्प ओढून ओला होतो. मेरँगमधली साखर तर त्याच्या कितीतरी आधी ओलावा धरते. पद्धत बरोबर असेल तर तीन-चार तास निभावतात, दुसरा दिवस नाही.

म्हणून आपाने एक नियम केला आहे. पावसाळ्यात लेमन पायची ऑर्डर घेताना ती गिऱ्हाईकाला जेवणाची वेळ विचारते आणि पाय त्याआधी दोन तास ओव्हनमधून निघेल असं बघते. वेळ जुळत नसेल तर सरळ नाही म्हणते आणि नानकटाई सुचवते.

गेल्या महिन्यात त्याच वलिम्यावाल्या घरून फोन आला. अकीका होता, दोन पाय हवे होते. मी त्या दिवशी सकाळी तिच्याकडे होतो. बिस्मिल्लाह म्हणून तिने अंडी फोडली, वाडगा पातेल्यावर ठेवला, ढवळता ढवळता चिमूटभर मिश्रण बोटांत घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. मी चोळून पाहिलं.

"अजून आहे," मी म्हटलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि आणखी मिनिटभर ढवळत राहिली.