तो फटका त्यांना हवा होता

क्रिकेटमध्ये कर्णधाराने क्षेत्ररक्षक जवळ उभे केले की आक्रमण आणि लांब पाठवले की बचाव, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. ती खोटी ठरवण्याचे काम आमच्या महाविद्यालयातील एका रसायनशास्त्राच्या सरांनी केले, तेही फक्त एका वाक्यात. त्या वाक्याकडे यायचे तर आधी जामठ्याला जायला हवे.

नोव्हेंबर 2008. आम्ही नुकतेच अधिव्याख्याते म्हणून लागलो होतो आणि नागपूरजवळच्या जामठ्याच्या नव्या मैदानावर पहिलीच कसोटी चालू होती. शनिवारी, 8 तारखेला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, आम्ही तिथे होतो. भारताच्या 441 धावांना उत्तर देताना ऑस्ट्रेलियाने आदल्या संध्याकाळी 2 बाद 189 अशी मजल मारलेली होती. कॅटिच आणि हसी हे दोन डावखुरे पाय रोवून होते. मालिकेत भारत 1-0 असा पुढे होता, त्यामुळे घाई पाहुण्यांना होती, धोनीला नव्हती.

धोनीने झहीर आणि ईशांतसाठी जी रचना लावली ती पाहून प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. ऑफ बाजूला आठ माणसे, लेग बाजूला एक. चेंडू सतत ऑफ यष्टीच्या बराच बाहेर. फलंदाजाने तो सोडला तर धाव नाही. हात लांबवून मारला तर समोर आठ जणांची भिंत. आणि कंटाळून लेगला ओढायला गेला तर चूक होण्याची शक्यता मोठी. शतक पुरे करून कॅटिच पायचीत झाला, हसी नव्वदीवर धावचीत झाला, आणि दिवसभरात 166 धावांची भर घालून ऑस्ट्रेलियाचा डाव 355 वर संपला. पाहायला रूक्ष, पण हिशेबाने चोख असा तो बचाव होता.

हा बचाव शक्य झाला तो चेंडूच्या वेगामुळे. चेंडू वेगाने येतो तेव्हा फलंदाजाला बाजू बदलायला वेळ मिळत नाही. यष्टीबाहेरचा वेगवान चेंडू रिकाम्या लेगकडे वळवायचा तर पाय, खांदे, बॅट हे सारे निमिषार्धात फिरवावे लागते. म्हणून एक बाजू जवळजवळ मोकळी सोडता येते. अट एकच : गोलंदाजाने टप्पा आणि दिशा सोडायची नाही. एक चेंडू पायावर पडला की चौकार, आणि आठ जण नुसते पाहणारे.

वेगवान गोलंदाजाचे आक्रमणही वेगातूनच जन्मते. बॅटची कड घेतलेला चेंडू स्वतःच्याच गतीने मागे जातो, म्हणून झेल यष्टिरक्षकाच्या शेजारी, स्लिप आणि गलीत, उडतात. कर्णधाराला बचावाकडे वळायचे असेल तर तो ही रांग एकेकाने कमी करतो : तिसरी स्लिप कव्हरला जाते, मग दुसरी थर्ड मॅनला. माणूस काढला तेवढे आक्रमण कमी, इतका तो व्यवहार सरळ असतो.

फिरकीचा व्यवहार मात्र इतका सरळ नाही, आणि आम्ही फसलो ते नेमके तिथे.

जामठ्याहून परतल्यानंतर आम्ही स्वतःला धोनीचे शिष्य समजू लागलो होतो. काही वर्षांनी प्राध्यापक विरुद्ध विद्यार्थी अशा वार्षिक सामन्यात आमच्याकडे कर्णधारपद आले. विद्यार्थ्यांना अखेरच्या आठ षटकांत चाळीसेक धावा हव्या होत्या, आणि त्यांचा एक उजवा फलंदाज चांगलाच जमला होता. आम्ही चेंडू रसायनशास्त्राच्या सरांकडे दिला. ते ऑफ स्पिन टाकत : संथ, उंच, हवेत रेंगाळणारा चेंडू. त्यांनी स्वतःच एक स्लिप आणि एक शॉर्ट लेग मागून घेतला. पहिल्याच चेंडूवर तो मुलगा पुढे सरसावला आणि त्याने मिड-ऑनच्या डोक्यावरून चौकार मारला.

आम्ही ताबडतोब टाळ्या वाजवून खेळ थांबवला. शॉर्ट लेगला लाँग-ऑनला पाठवले, स्लिपला डीप मिडविकेटला. सर काहीतरी म्हणणार होते, पण आम्ही ज्येष्ठ होतो, ते गप्प राहिले. पुढचा चेंडू किंचित आखूड पडला आणि आत वळला. पुन्हा पुढे येऊ पाहणारा फलंदाज मध्येच अडकला. चेंडू बॅटच्या आतल्या कडेला लागून पॅडवर आदळला आणि अलगद उडून, अर्ध्या मिनिटापूर्वी जिथे शॉर्ट लेग उभा होता, तिथे मातीत पडला.

नंतर जे झाले ते अधिक शिकवणारे होते. जवळ कोणी नाही हे पाहून तो मुलगा निर्धास्तपणे पुढचा पाय टाकून, बॅट पॅडच्या पुढे काढून खेळू लागला. लाँग-ऑनकडे ढकलून दर चेंडूला एक धाव घेऊ लागला. कर्णधाराने चूक केली हे धावफलकावर उशिरा दिसते, फलंदाजाच्या हातांत आधी दिसते : शॉर्ट लेग असताना ते हात आखडलेले, साशंक असतात, तो गेला की मोकळे होतात. सामना आम्ही सात चेंडू राखून हरलो.

परतताना सर एवढेच म्हणाले, "सर, तो फटका मला हवा होता."

संथ चेंडूला स्वतःची गती नसते. त्यामुळे कड लागलेला चेंडू फार दूर जात नाही, बॅट-पॅडच्या आसपासच उडतो. म्हणून शॉर्ट लेग आणि सिली पॉइंट ही फिरकीची खरी झेलस्थाने. दुसरीकडे, फलंदाजाला पुढे येऊन उंच मारायला वेळ मिळतो. म्हणून सीमेवरचा माणूसही इथे झेल घेणाराच असतो. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत लांबचा माणूस बहुधा धावा वाचवतो. फिरकीच्या बाबतीत तो मोहाच्या टोकाशी उभा असतो. चौकारानंतर करायचे होते ते इतकेच : मिड-ऑनला मागे, लाँग-ऑनला न्यायचे आणि शॉर्ट लेगला हात लावायचा नाही. एखादी धाव गेली असती, पण पुढे आला तर लांब झेल आणि बिचकला तर जवळ झेल, असा पेच त्या मुलापुढे राहिला असता. आम्ही पेच सोडवून त्याच्या हाती दिला.

आणि हा धडा जामठ्यातही होता. त्याच कसोटीत पदार्पण करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पहिल्या डावात 215 धावा मोजून 8 बळी घेतले होते. त्याची किंमत त्याच्या कर्णधाराने सोसली म्हणून ते बळी मिळाले. अखेरच्या डावात 382 धावांचे लक्ष्य असताना भारताच्या दहा बळींपैकी सात हरभजन आणि अमित मिश्राने घेतले. आम्ही मात्र तिसऱ्या दिवशीचे आठ-एक तेवढे लक्षात ठेवले आणि झहीरचा बचाव एका ऑफ स्पिनरच्या गळ्यात बांधला.

पुढच्या वर्षी आम्ही सरांना आग्रह केला. पण खांदा दुखतो असे सांगून त्यांनी सीमेवर उभे राहणे पसंत केले, आणि पुन्हा कधी चेंडू मागितला नाही. खांदा दुखत असेलही. आम्ही विचारले नाही.