रंगाचं वय

कृषी पदवी घेऊन मी जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा स्फुरदाचं टेबल तात्यांकडे होतं. हुद्दा प्रयोगशाळा सहायकाचा, शिक्षण दहावीपर्यंतचं. पुढे मी पाणी तपासणीकडे वळले, उपकरणं बदलली, पद्धतही बदलली. तरी समोरचा स्फुरदाचा आकडा खरा मानावा की नाही, हे आजही ज्या सवयीवर ठरवते, ती सवय त्यांची आहे.

आमच्या भागातली माती काळी, चुनखडीची. अशा मातीतून पिकाला मिळू शकेल तेवढा स्फुरद काढायला ओल्सेन यांची १९५४ सालची पद्धत वापरतात. अडीच ग्रॅम माती, साडेआठ सामूचं सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण ५० मिली, अर्धा तास हलवणं आणि मग गाळणं. सेंद्रिय पदार्थांमुळे अर्क तपकिरी होऊ नये म्हणून हलवतानाच स्फुरदमुक्त कोळशाची पूड घालायची. यातला ५ मिली अर्क २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये घेऊन त्यात आम्लातलं अमोनियम मॉलिब्डेट टाकलं, की स्फुरद आणि मॉलिब्डेनम यांचं फिकट पिवळं संयुग तयार होतं. ते इतकं विरळ असतं की डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यावर क्षपणक पडला, की निळा रंग उमटतो. जितका स्फुरद, तितका निळेपणा. तो कलरीमीटरवर मोजायचा. आमचा क्षपणक होता स्टॅनस क्लोराइड.

पहिल्या आठवड्यात तात्यांनी मला फक्त फेस बघायला लावलं. बायकार्बोनेटच्या अर्कात आम्ल पडलं, की कार्बन डायऑक्साइड उसळतो. ते फ्लास्क तिरका धरून काठाकाठाने थेंब सोडायचे, हलके घोळवायचे आणि शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत थांबायचे. घाई केली तर फेसाबरोबर अर्क बाहेर येतो, आणि वायू आत राहिला तर नंतर काचेच्या क्युव्हेटमध्ये बुडबुडे धरतात आणि वाचन उगाच वाढतं. "ताई, याचं बोलणं संपू द्या, मग आपलं सुरू करा," ते म्हणायचे.

स्टॅनस क्लोराइडची मूळ बाटली तपकिरी काचेची होती आणि तिच्या तळाशी कथलाचा एक तुकडा पडलेला असायचा. हवेतल्या ऑक्सिजनने कथिल चढ्या संयुजेत गेलं की त्याची क्षपणाची ताकद जाते. तो धातूचा तुकडा त्याला पुन्हा खाली ओढतो. रोजच्या कामाचं विरळ द्रावण मात्र त्याच सकाळी करायचं. ते जरा दुधाळ दिसलं, की तात्या बोलत नसत. सरळ बेसिनमध्ये ओतून नवं करायला घेत.

पण त्यांची खरी शिकवण होती ती वेळेची. स्टॅनस क्लोराइडचा निळा रंग झटपट येतो आणि तितक्याच लवकर उतरू लागतो. पाच-दहा मिनिटांत तो पुरता उठतो, पंधरा-वीस मिनिटांपर्यंत त्यावर भरवसा ठेवता येतो, पुढे तो फिका पडतो. उन्हाळ्यात हे सगळं आणखी लवकर घडतं. म्हणून तात्या सगळ्या फ्लास्कमध्ये एकदम क्षपणक घालत नसत. दर मिनिटाला एक फ्लास्क; घातल्याबरोबर लगेच नीट मिसळायचा, आणि वहीत त्याची वेळ लिहायची. दहा मिनिटं झाली की त्याच क्रमाने दर मिनिटाला एक वाचन. म्हणजे पहिला काय नि दहावा काय, कलरीमीटरसमोर येताना प्रत्येक रंगाचं वय सारखंच. ब्लँक आणि स्टँडर्डही याच रांगेत, तेही एक सुरुवातीला, एक मधे, एक शेवटी.

एवढ्या काटेकोरपणाचं कारण मी विचारलं, तेव्हा त्यांनी भाषण दिलं नाही. एक नमुना दहा मिनिटांनी वाचला: ०.०८४. तोच फ्लास्क तसाच ठेवून बऱ्याच वेळाने पुन्हा वाचला: ०.०६६. मग म्हणाले, "आता दोन्हींचा हिशेब मांडा." आमच्या त्या दिवशीच्या स्टँडर्डवर ०.७० वाचन म्हणजे फ्लास्कमध्ये १ पीपीएम स्फुरद. पहिल्या वाचनाचे होतात ०.१२ पीपीएम. ५ मिलीचे २५ केले म्हणून पाचपट, म्हणजे अर्कात ०.६, अडीच ग्रॅमला ५० मिली म्हणून वीसपट, म्हणजे मातीत किलोमागे १२ मिलिग्रॅम, हेक्टरी किलो काढायला २.२४ ने गुणलं, की सुमारे २७. दुसऱ्या वाचनाचा तोच हिशेब सुमारे २१ वर येतो. जुन्या तीन वर्गांच्या तक्त्यात हेक्टरी १० ते २५ किलो स्फुरद म्हणजे मध्यम आणि त्याच्या वर भरपूर. माती तीच, फ्लास्कही तोच. पण रंग म्हातारा झाला म्हणून शेतकऱ्याच्या पत्रिकेवर वर्ग बदलला आणि सुपर फॉस्फेटची शिफारस वाढली. त्या दिवसानंतर मला घड्याळ बघायला कुणाला सांगावं लागलं नाही.

नंतर आमच्याकडे ॲस्कॉर्बिक ॲसिडची पद्धत आली. मुळात ती मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली लिव्हरपूलहून समुद्राच्या आणि इतर नैसर्गिक पाण्यासाठी मांडली होती. ॲस्कॉर्बिक ॲसिड हे सौम्य क्षपणक. एकट्याने वापरलं तर तापवावं लागतं, नाहीतर फार वेळ थांबावं लागतं. त्यांनी मॉलिब्डेट, आम्ल आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड यांच्या जोडीला थोडं अँटिमनी पोटॅशियम टार्ट्रेट घातलं. अँटिमनी त्या निळ्या संयुगातच सामावतो, आणि खोलीच्या तापमानाला दहा मिनिटांत रंग पुरा होतो. शिवाय तो टिकतो. मिश्रण तेवढं रोज ताजं करावं लागतं, कारण दिवसाभरात ते बिघडतं.

सगळ्यांना हायसं वाटलं, पण तात्यांनी जुनी पद्धत लगेच टाकून दिली नाही. स्फुरद अगदीच कमी असेल तर स्टॅनस क्लोराइडला तो आधी सापडतो, असं ते म्हणत, आणि ते बरोबर होतं. नवी पद्धत त्यांनी स्वीकारली, पण वेळेचा रकाना वहीत तसाच ठेवला. मी म्हटलं, "तात्या, हा रंग उतरत नाही, आता कशाला?" ते म्हणाले, "उतरत नाही, पण चढत नाही हे कुणी सांगितलं?"

या प्रश्नाचा उपयोग मला पाण्याच्या नमुन्यांवर कळला. मी प्रत्येक तुकडीतले काही नमुने दहाव्या मिनिटाला आणि पुन्हा तिसाव्या मिनिटाला वाचते. दोन्ही वाचनं जुळली तर आकडा घेते. ब्लँकसकट सगळंच चढत असेल, तर आम्ल कमी पडलंय आणि मॉलिब्डेट स्फुरदाविनाच निळं होऊ लागलंय, असा संशय घेऊन अभिकर्मक नव्याने करते. ब्लँक स्थिर आहे आणि एखादाच नमुना चढतोय, तर त्यातला पॉलिफॉस्फेट किंवा सेंद्रिय स्फुरद आम्लात हळूहळू फुटत असेल, किंवा सिलिका आपला निळेपणा मिसळत असेल. अशा नमुन्याचा तिसाव्या मिनिटाचा आकडा मी देत नाही. ब्लँक चढत नाही, पण पहिल्यापासूनच निळसर आहे, तर आधी काचसामान बघते. धुण्याच्या पावडरीतला फॉस्फेट काचेला चिकटून राहतो. तो विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतल्याशिवाय जात नाही.

एक गोष्ट मात्र नुसत्या घड्याळाने सुटत नाही. पाण्यात आर्सेनेट असेल तर तोही असाच निळा रंग देतो. त्यासाठी रंग करण्याआधी थायोसल्फेटने आर्सेनेटचं आर्सेनाइट करून घ्यावं लागतं. हे मी तात्यांकडून शिकले नाही. आमच्या जिल्ह्यात त्यांची आर्सेनिकशी कधी गाठ पडली नव्हती. निवृत्तीनंतर एकदा भेटले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "थायोसल्फेट घातल्यावर किती मिनिटं थांबता?"