चौथ्या थरातली गाठ

काटोलकडच्या एका मावशींचा मुलगा धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात फाईल घेऊन आला, तेव्हा तो निश्चिंत होता. आईला जेवणानंतर जडपणा वाटायचा, म्हणून गावाजवळच दुर्बिणीची तपासणी झाली होती. जठराच्या वरच्या भागात आतल्या बाजूला एक गुळगुळीत फुगवटा दिसला होता. त्यावरून चिमट्याने तुकडे घेतले आणि अहवाल आला तो साध्या जठरदाहाचा. ‘‘तुकडा तं नॉर्मल आला न डॉक्टरसाहेब,’’ तो म्हणाला, ‘‘मंग आता पुन्हा दुर्बीण कायले?’’

त्याचा प्रश्न रास्त होता आणि या आजारातली पहिली अडचण नेमकी तिथेच आहे. दुर्बिणीतून जाणारा चिमटा दोन-तीन मिलिमीटरचा घास घेतो. तेवढ्यात जठराचे फक्त आतले अस्तर येते. मावशींच्या अस्तरात साध्या दाहापलीकडे काही नव्हते. गाठ त्याच्या खाली होती. गोधडीच्या आत काही अडकले असेल, तर वरच्या कापडाचा कपटा कापून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून फुगवट्यावरचा तुकडा ‘नॉर्मल’ आला म्हणजे गाठ निरुपद्रवी ठरली, असे अजिबात नाही. मुलाला मी हेच सांगितले. तो गप्प झाला, आणि मग बाहेर बसलेल्या आईला काय सांगायचे, असे विचारू लागला. मी मावशींनाच आत बोलावले. आपल्याकडे रोग्याला सोडून इतरांनाच सगळे सांगायची पद्धत आहे. ती मला पटत नाही.

‘‘मले कॅन्सर हाय का?’’ त्यांनी सरळच विचारले.

‘‘आज सांगता येत नाही, मावशी. गाठ कोणत्या थरातून उगवली ते आधी बघू.’’

जठराची भिंत डोळ्यांना एकसंध दिसते, पण एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये तिचे पाच पट्टे दिसतात. या दुर्बिणीच्या टोकाशीच सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो, त्यामुळे पोटाच्या कातडीवरून न दिसणारे बारकावे आतून, अगदी जवळून टिपता येतात. आतून बाहेर मोजत गेले की पहिला पट्टा पांढरा, दुसरा काळपट, तिसरा पांढरा, चौथा काळपट आणि पाचवा पुन्हा पांढरा. पहिले दोन म्हणजे अस्तर, तिसरा अस्तराखालचा मऊ थर, चौथा जठराचा जाड स्नायू आणि पाचवा बाहेरचे आवरण. फुगवटा कोणत्या पट्ट्यात सुरू होतो आणि आतून पांढरा दिसतो की काळा, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर निम्मे निदान उभे राहते.

कधीकधी पाचही पट्टे जसेच्या तसे असतात आणि त्यांच्या बाहेरून प्लीहा किंवा यकृताचा कोपरा जठराला ढकलत असतो. तिथे गाठच नसते. तिसऱ्या थरात एकसारखी पांढरी शुभ्र गाठ दिसली तर ती चरबीची. चिमट्याने दाबली की तिच्यावर खड्डा पडतो, आणि तिला हात लावायची गरज नसते. जठराच्या खालच्या टोकाकडे, मधोमध बेंबीसारखा खळगा असलेला उंचवटा बहुधा स्वादुपिंडाच्या पेशींचा असतो. जन्माआधीच त्या वाट चुकून तिथे राहिलेल्या असतात. आणि काही फुगवटे असतात फुगलेल्या शिरांचे. तिथे चिमटा किंवा सुई मारली तर रक्ताचा पूर येऊ शकतो. म्हणून डॉपलर लावून आत रक्त वाहते का, हे पाहिल्याखेरीज मी सुई हातात घेत नाही.

मावशी रात्रीपासून उपाशी होत्या. गुंगीचे औषध देऊन त्यांना डाव्या कुशीवर घेतले आणि जठरात थोडे पाणी सोडले, कारण प्रोब आणि भिंत यांच्यामध्ये हवा असली की चित्रच उमटत नाही. पाणी श्वासनलिकेत उतरू नये म्हणून डोके उंचावर ठेवले होते. पडद्यावर पहिले तीन पट्टे गाठीवरून सलग जाताना दिसले. चौथा पट्टा मात्र एका टोकाला जाड होत थेट गाठीत मिसळला होता. गाठ काळपट, गोलसर, ३.२ सेंटीमीटरची, कडा बऱ्यापैकी रेखीव, पण मध्ये द्रव साठल्यासारखा एक लहान काळा डाग. डॉपलरमध्ये मोठी रक्तवाहिनी नव्हती.

चौथ्या थरातली काळपट गाठ म्हटले की दोन नावे पुढे येतात. एक लायोमायोमा, म्हणजे स्नायूची साधी, सौम्य गाठ. दुसरी जिस्ट, म्हणजे स्ट्रोमल ट्यूमर. जठराच्या हालचालीला ताल देणाऱ्या काहाल पेशींशी या गाठीचे नाते आहे. पडद्यावर या दोघी बहिणी-बहिणींसारख्या दिसतात, आणि नुसत्या चित्रावरून छातीठोक निदान करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. वेडीवाकडी कड, आतले द्रवाचे खिसे, वरच्या अस्तरावरचा व्रण ही जिस्टच्या बाजूने संशय वाढवणारी लक्षणे आहेत. पण तो संशयच. अल्ट्रासाउंडची हद्द तिथे संपते.

म्हणून त्याच दुर्बिणीतून, जठराच्या भिंतीतून गाठीत बारीक सुई घातली. हल्लीच्या सुईने नुसत्या सुट्या पेशी नव्हे, तर धाग्यासारखा अखंड तुकडा मिळतो. विशेष रंग देऊन चाचण्या करायच्या तर तोच लागतो. १९९८ साली जपानच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी जिस्टमध्ये किट नावाच्या जनुकात बदल असतो हे दाखवले, तेव्हापासून या दोन गाठी वेगळ्या ओळखणे शक्य झाले. मावशींचा तुकडा सीडी-११७ आणि डॉग-१ या दोन्ही चाचण्यांत उजळला. स्नायूच्या गाठीची खूण असलेले डेस्मिन उमटले नाही. जिस्ट नक्की झाली.

‘‘पोट तं माहं दुखत नाही,’’ मावशी म्हणाल्या. खरेच होते. ही गाठ बहुधा बाहेरच्या बाजूला वाढते, अन्नाची वाट अडवत नाही, आणि बरेचदा अस्तर फाटून रक्तस्राव झाल्यावरच कळते. जेवणानंतरचा जडपणा बहुधा जठरदाहाचा होता; गाठ योगायोगाने सापडली.

सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि पोटातले आवरण स्वच्छ होते. दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी जिस्ट काढायची, हा सर्वसाधारण नियम. सर्जननी लॅप्रोस्कोपीने गाठीसह जठराचा पाचरीच्या आकाराचा भाग काढला. जठराच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये काढतात तशा लसीका ग्रंथी काढाव्या लागल्या नाहीत, कारण जिस्ट त्या वाटेने क्वचितच पसरते. जपायचे होते ते गाठीचे आवरण. ते फुटले तर पेशी पोटात सांडतात आणि आजार परत येण्याचा धोका फार वाढतो. म्हणून ती पिशवीत घालूनच बाहेर काढली.

पेशी किती वेगाने दुभंगतात, हे पूर्ण गाठ हाती आल्यावरच नीट मोजता येते. सुईच्या तुकड्यावर तो हिशेब भरवशाचा नसतो. मावशींच्या गाठीत ५ चौरस मिलिमीटरमध्ये २ दुभंगणाऱ्या पेशी सापडल्या. जठरातली, २ ते ५ सेंटीमीटरची आणि पाचपर्यंत अशा पेशी असलेली जिस्ट पुढे पसरण्याची शक्यता साधारण २ टक्के. हाच आकडा पाचाच्या वर गेला असता, तर शक्यता १६ टक्क्यांच्या आसपास गेली असती आणि इमॅटिनिबच्या गोळ्यांचा विचार गंभीरपणे करावा लागला असता. इथे गोळ्या लागल्या नाहीत. ठराविक काळाने सीटी स्कॅन तेवढा करायचा.

त्याच महिन्यात एका शिक्षिकेच्या जठरात १.१ सेंटीमीटरची, चौथ्याच थरातली गाठ दिसली. कड सरळ, आतले चित्र एकसारखे. एवढ्या लहान गाठीत सुईला पुरेसा तुकडा बहुधा मिळत नाही, आणि जठरातल्या अशा लहान गाठी बहुतेक वेळा जागच्या हलत नाहीत. ‘‘सर, काढूनच टाका न, डोक्याला ताप नको,’’ त्या म्हणत होत्या. मी नको म्हटले. आकार वाढला, कड बिघडली किंवा रक्तस्राव झाला, तर काढू. त्यांची पुढची तपासणी एका वर्षाने, जुनी चित्रे शेजारी ठेवून, त्याच मापाने मोजायची ठरली आहे.