वर्गाच्या वतीने

लखनौच्या आलमबागमध्ये आम्ही रेल्वेच्या नोकरीमुळे राहतो. मार्चमध्ये मुलीचं पाचवीचं वर्ष संपत आलं, तेव्हा गणिताच्या मॅडमना सगळ्या पालकांतर्फे आभाराचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘आदर्श’, ‘समर्पित’, ‘मातेसमान’ असे शब्द येऊ लागले. ते खोटे नव्हते, पण कुठल्याही शिक्षिकेला चालले असते. म्हणून मी एवढंच विचारलं: मॅडमची कोणती गोष्ट मूल घरी येऊन सांगतं?

रात्रीपर्यंत उत्तरं आली आणि बऱ्याच जणांनी कागदाच्या पट्ट्यांबद्दल लिहिलं. अपूर्णांक सुरू झाले तेव्हा निम्मा वर्ग एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा म्हणत होता, कारण चार तीनपेक्षा मोठे. मॅडमनी ते उत्तर खोडलं नाही. प्रत्येकाला सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या दिल्या, एकीचे चार भाग करायला आणि दुसरीचे तीन. चार भाग दोन घड्यांत होतात. तीन मात्र सहज होत नाहीत, एक भाग हमखास लहान राहतो. तिथे त्या विचारायच्या, “हे तीन तुकडे आहेत, पण तृतीयांश आहेत का?” भाग समान हवेत, हे मुलांच्या बोटांना तिथे कळलं. मग दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की चतुर्थांश आखूड दिसायचा. इथल्या रेल्वे कारखान्यात काम करणाऱ्या एका वडिलांनी लिहिलं, मुलगा आता पोळीचे भाग करतानाही ‘बराबर है?’ विचारतो.

काही उत्तरं मी बाजूला ठेवली. एका आईने मुलाचे जुने, नापासाचे गुण कळवले होते. तिची कृतज्ञता मोठी होती, पण पत्र वर्गात वाचलं जाणार होतं. ती गोष्ट तिने मॅडमना स्वतंत्र लिहावी, असं आमचं ठरलं. ‘आम्ही सगळे’ म्हणायचं तर सगळ्यांनी वाचलेलं हवं, म्हणून मसुदा गटावर टाकून एक दिवस थांबले. एका आजोबांनी एक वाक्य वाढवायला सांगितलं, ते शेवटून दुसरं.

पत्र हिंदीत होतं, मजकूर साधारण असा:

‘मॅडम, आमची मुलं यंदा पट्ट्या दुमडून अपूर्णांक शिकली. चुकलेल्या उत्तराला तुम्ही आधी “असं का वाटलं?” विचारलंत, त्यामुळे मुलं हात वर करायला घाबरेनाशी झाली. घरी आता तीच आम्हाला कारण विचारतात. आवाज न चढवता वर्ग शांत होतो, हेही त्यांनी आम्हाला सांगितलं. पाचवीच्या सगळ्या पालकांकडून मनापासून आभार.’

‘पुढच्या वर्षीही तुम्हीच शिकवा’ हे वाक्य अनेकांना हवं होतं. मी ते घेतलं नाही. वर्गवाटप मॅडमच्या हातात नसतं आणि आभारात मागणी मिसळली की त्यांनाच अवघड होतं. त्याऐवजी पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांना दिली.