साधा कागद, दोन साक्षीदार आणि वरचा मजला

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही! वकील लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. वहीच्या कागदावर, आपल्या मराठीत, आपल्या पेनाने लिहिलं तरी चालतं. 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा तर म्हणतो की ठरावीक कायदेशीर शब्दांचीही गरज नाही, इच्छा कळली म्हणजे झालं. थाटीपुरच्या मामांनी घराची वाटणी लिहायला घेतली म्हणून मी तो कायदा उघडला आणि रात्र त्यातच गेली.

एक अट मात्र पक्की आहे, कलम 63 ची. लिहिणाऱ्याने सही करायची आणि ती सही करताना पाहिलेल्या, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्याकडून ऐकलेल्या दोघांनी त्याच्यासमोर साक्षीदार म्हणून सह्या करायच्या. सबंध मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला म्हणून साक्षीदार माफ होत नाहीत. उद्या कोर्टात निदान एका साक्षीदाराला उभं राहावं लागतं, म्हणून ते आपल्याहून तरुण असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यातले नसावेत.

आणि कलम 89 वाचून तर मी उडालेच! ‘पैसे, गहू, तेल देतो’ असं लिहून किती ते सांगितलं नाही, तर ती देणगीच रद्द, असं उदाहरण खुद्द कायद्यात दिलं आहे. म्हणजे ‘थोडे दागिने मुलीला’ हे वाक्य गेलंच की! ‘चार तोळ्यांच्या दोन पाटल्या, बँकेच्या लॉकरमध्ये आहेत त्या’ असं लिहायला हवं.

मामांच्या कच्च्या मसुद्यात घराबद्दल होतं: ‘घर पत्नीला देतो, तिच्यानंतर वरचा मजला मुलीला, खालचा मुलाला.’ वाचायला किती छान! पण मामींना मालकी दिली की नुसतं राहायला दिलं? मालकी दिली असेल तर त्या विकूही शकतात, आणि एकदा पूर्ण मालकी दिल्यावर त्यापुढची वाटणी टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये म्हटलं आहे. उलट कलम 88 सांगतं की दोन कलमं एकमेकांशी जुळत नसतील तर शेवटचं खरं. दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या हाती एकेक शस्त्र! मग आम्ही नव्याने लिहिलं:

‘माझ्या पत्नीला या घरात तहहयात राहण्याचा आणि वरच्या मजल्याचं भाडं घेण्याचा हक्क राहील, घर विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा बक्षीस देण्याचा हक्क राहणार नाही. तिच्या निधनानंतर तळमजल्याची मालकी मुलाकडे आणि वरच्या मजल्याची मुलीकडे जाईल. जिना, गच्ची, बोअर आणि पाण्याची टाकी दोघांची सामाईक राहील, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा.’

जिना लिहिलाच नव्हता, बघा! वर जायचा रस्ताच भावाच्या मजल्यातून. घराची ओळख मात्र ‘थाटीपुरचं घर’ एवढ्यावर सोडायची नाही. रजिस्ट्रीचा क्रमांक व तारीख, नगर निगमच्या करपावतीवरचा क्रमांक आणि चतुःसीमा लिहायची. पत्नीच्या हक्काजवळ ‘पोटगीपोटी’ असा शब्द आणू नये. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या कलम 14 मुळे तो मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा झाला, असा दावा तिथूनच उभा राहतो.

बँकेत नॉमिनी मुलगा आहे, म्हणजे ठेव त्याचीच, असं मामा धरून चालले होते. नाही हो! नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच. म्हणून ठेवही कुणाला ते लिहिलं, आणि शेवटी हे वाक्य: ‘वर न आलेली आणि पुढे माझी होणारी सर्व मिळकत पत्नीला, ती माझ्याआधी गेली तर मुलगा व मुलगी यांना समान.’ हे राहिलं तर उरलेल्याची वाटणी कायद्यावर पडते.

आमच्या ग्वाल्हेरला तर याचं मोठं उदाहरण घरचंच आहे. राजमाता विजयाराजे शिंदे जानेवारी 2001 मध्ये गेल्या, आणि त्यांचं 1985 चं हस्तलिखित मृत्युपत्र सरदार संभाजीराव आंग्रे यांनी पुढे आणलं. मुलगा माधवराव यांनी अंत्यसंस्कार करू नयेत, अशी इच्छा त्यात होती. अग्नी त्यांनीच दिला. तसल्या इच्छेने कायदा कुणाला बांधत नाही, म्हणून मामांनी मनातलं वेगळ्या पत्रात लिहिलं आणि मृत्युपत्रात फक्त मिळकत ठेवली.

खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी तिघांच्याही सह्या, नाहीतर सरळ कागद फाडून नव्याने लिहा. प्रत्येक पानावर सही आणि शेवटी तारीख टाकाच, कारण दोन मृत्युपत्रं निघाली की नंतरचं चालतं, आधीचं नोंदणी केलेलं असलं तरीही.